शनिवारचा तिसरा तास

रविवारी सकाळी प्रेरणा वर्ध्याहून नऊच्या बसनं देवळीला उतरली, तेव्हा हेमराज स्टँडवर उभा होता. एवढ्या वर्षांत तो बहिणीला घ्यायला कधी आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिनं घरच्या शाळेतली नोकरी सोडली आणि वर्ध्याच्या अध्यापक विद्यालयात शिकवायला लागली, तेव्हापासून तर दोघांचं बोलणं दिवाळी आणि राखीपुरतंच उरलं होतं.

"ताई, तुया लेख वाचला," स्कूटर सुरू करता करता तो म्हणाला. "दोनदा वाचला."

शिक्षकांच्या एका त्रैमासिकात तो लेख गेल्या महिन्यात आला होता. 'धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण' हे त्याचं नाव. घरी कोणी तो वाचेल असं प्रेरणाला वाटलं नव्हतं.

"मंग?"

"मंग काय. चांगला हाय. त्याच्याचसाठी तं तुले बोलावलं."

जानेवारीचं ऊन कोवळं होतं, रस्त्यावर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. हेमराज भलतीच संथ स्कूटर चालवत होता. घरी पोचायची घाई नसलेल्या माणसासारखी.

समोरच्या खोलीत वडील, बाबूजी, बसले होते. महादेवराव कापडाच्या दुकानातून निवृत्त झाले, तरी संस्थेचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं. त्यांच्या वडिलांनी, अण्णाजींनी, एकावन्न साली शाळा काढली, तेव्हा त्या संस्थेत घरचे तिघंच होते. आज शाळेत पाचवी ते दहावी तीनशे बारा मुलं होती. बाबूजींच्या शेजारी खुर्चीत आई होती. देवकाबाईंच्या हातात जपमाळ होती, पण ती फिरत नव्हती.

"बस," बाबूजी म्हणाले. "हेमराज, तिले कागद दाखव."

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचं ते पत्र होतं. सातवीतली एक विद्यार्थिनी, कुमारी गोपिका तानबा, हिच्या पालकांचा अर्ज आला आहे. शाळेत दर शनिवारी तिसऱ्या तासाला मूर्तीची पूजा, आरती व प्रसाद होतो. त्यात भाग न घेतल्यामुळे विद्यार्थिनीला तीन शनिवार वर्गाबाहेर उभं ठेवण्यात आलं आणि प्रगतीपुस्तकात 'संस्कार' या रकान्यात 'ड' श्रेणी देण्यात आली. राज्यघटनेच्या अनुच्छेद अठ्ठावीसच्या तिसऱ्या खंडाचा भंग झाल्याचं पालकांचं म्हणणं आहे. विस्तार अधिकारी सोमवारी सकाळी भेट देतील. संस्थेनं लेखी खुलासा तयार ठेवावा.

प्रेरणानं पत्र दोनदा वाचलं. मग आईकडे पाहिलं. तो तास आई घेत असे. सत्त्याण्णव साली सरकारनं शाळांना मूल्यशिक्षण सांगितलं, तेव्हा संस्थेचा सचिव म्हणून हेमराजनं वेळापत्रकात शनिवारच्या तिसऱ्या तासाला 'मूल्यशिक्षण' असं लिहिलं आणि आईला म्हणाला, तू येऊन पोरांना काही चांगलं सांगत जा. आई जायला लागली. आधी गोष्टी सांगायची, मग श्लोक आले, मग सभागृहात गणपतीची आणि सरस्वतीची मूर्ती आली, आरती आली.

"तानबा कोण?" प्रेरणानं विचारलं.

"भाजीवाला," हेमराज म्हणाला. "देवळीच्या बाजारात वांगे-मेथी आणते. महानुभाव हाय. त्यायच्या घरी दुसऱ्या देवाले हात जोडत नाईत, परसाद घेत नाईत. आता आपल्याले काय माहीत? मुसलमानाचं पोरगं असतं तं समजलं असतं. हे तं आपलेच लोक."

"आपलेच," आई हळूच म्हणाली. "घरी कृष्णाचीच भक्ती करतात अन् गणपतीले नमस्कार चालत नाई. मले तं आजवर मालूमच नोयतं."

हेमराजनं त्रैमासिक पुढे ओढलं. पानावर पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"हे पाय ताई. तूच लिहिलं. गेल्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं का शाळेत धर्मांविषयी शिकवाले घटनेची मनाई नाई. एकाहत्तरच्या निकालात बी होतं का संताचं जीवन अन् शिकवण अभ्यासाले ठेवली तं ते धर्मशिक्षण होत नाई. बरोबर?"

"बरोबर."

"मंग तू खुलासा लिहून दे. आपला तास म्हणजे धर्मांविषयीचं शिक्षण. बस, एका शब्दाचा तं फरक हाय. तुया लेख सोबत जोडू. आपल्याच घरच्या बाईनं लिहिला म्हटलं तं साहेबाचं तोंड बंद."

प्रेरणाला स्टँडवरचं ते स्वागत आता समजलं. ती त्रैमासिकावर हात ठेवून बसून राहिली. आपण चार महिने खपून जो फरक स्पष्ट केला, तोच आता दारावर लावायच्या पडद्यासारखा मागितला जात होता, आणि मागणारा तिचा भाऊ होता.

"हेमराज, पुढचं पान वाचलं का?"

"वाचलं."

"मोठ्यानं वाच."

हेमराजनं बाबूजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यानं वाचलं:

"'मराठीत आपण दोन्ही गोष्टींना धार्मिक शिक्षण म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. एका तासाला शिक्षक म्हणतात, या लोकांची अशी श्रद्धा आहे, ती इथून आली, तिचे पंथ हे, तिच्यावर आक्षेप हे. दुसऱ्या तासाला शिक्षक म्हणतात, हात जोडा. पहिल्या तासाला न मानणारं मूल पूर्ण गुण मिळवू शकतं. दुसऱ्या तासाला मानणं हाच अभ्यास असतो. सर्व धर्मांच्या प्रार्थना एकामागून एक म्हटल्या, तरी तो पहिला तास होत नाही. ती उपासनाच राहते, फक्त वाटे सारखे झाले.'"

"सेवाग्रामची प्रार्थना बी नाई चालत का मंग?" बाबूजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात दुखावल्याची छटा होती. तरुणपणी ते कित्येकदा सायकलनं त्या प्रार्थनेला गेले होते.

"चालते, बाबूजी. ज्याले जायचं त्यानं जावं. तुमाले कोणी वर्गातून हात धरून नेलं नोयतं."

"म्हणजे तू नाई लिहून देत," हेमराज म्हणाला.

"मी खोटं नाई लिहून देत. आपली शाळा अनुदानित हाय. पूर्ण सरकारी असती तं धर्मशिक्षण देताच आलं नसतं. आपल्याले मनाई नाई, पण आईबापाची संमती लागते. कोणत्याच पोराले त्याशिवाय बसवता येत नाई. संमती घेतली होती का?"

हेमराज खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "फॉर्म हायेत."

*

फॉर्म मधल्या खोलीत सपनाच्या पुढ्यात होते. ती हेमराजची बायको, शाळेत गणित शिकवायची आणि सातवीची वर्गशिक्षिका होती. शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळ्या वर्गात ते छापील कागद वाटले होते. शनिवारी दोनशे अठ्ठ्याण्णव परत आले. उरलेले चौदा कोरे होते, त्यातले पाच सातवीचे. प्रत्येकावर वर 'दिनांक १५ जून २००२' असं आधीच छापून आणलं होतं.

'माझ्या पाल्याने शाळेच्या संस्कार तासात सहभागी होण्यास माझी हरकत नाही.' खाली सहीची रेघ. हरकत असेल तर कुठे लिहायचं, त्याला जागाच नव्हती.

सकाळीच हेमराज म्हणाला होता, "चौदा सह्या करून टाक. डाव्या हातानं कर, अंगठे बी दे दोन-तीन. तुयं अक्षर कोणी वळखत नाई."

तेव्हापासून सपनानं एकाही फॉर्मवर पेन टेकवला नव्हता. समोरच्या खोलीतलं सगळं तिला इथे ऐकू येत होतं. हेमराजला कसली भीती आहे हे तिला ठाऊक होतं. अठरा शिक्षक, चार शिपाई. मान्यतेवर गदा आली तर बावीस घरांत काय होईल, हे तो आठवडाभर झोपेत बडबडत होता. तो वाईट माणूस नव्हता. भ्यायलेला होता, आणि भ्यायला की तो कागदांवर विसंबायचा.

पण तिलाही भीती होती, आणि ती वेगळी होती. तिनं तो व्हरांडा पाहिला होता. डिसेंबरच्या तीन शनिवारी सातवीतली ती काटकुळी पोरगी खांबाला टेकून उभी होती. पहिल्या शनिवारी रडली. दुसऱ्या शनिवारी रडली नाही. तिसऱ्या शनिवारी आतून आरतीचा आवाज आला, तेव्हा ती बोटांवर काहीतरी मोजत होती. सपनानं जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, सतराचा पाढा म्हणून राह्यली. वेळ जाते."

त्यानंतर ती आलीच नाही.

समोरच्या खोलीत हेमराजचा आवाज चढला.

"मले एवढंच सांग ताई, त्या तानबाले अनुच्छेद अठ्ठावीस कोणी शिकवला? तिसरा खंड बी लिहिला त्यानं! मेथी विकणाऱ्या माणसाले खंड कुठून मालूम? तुया लेख डिसेंबरात आला, अन् जानेवारीत त्याचा अर्ज गेला!"

"मी त्याले कधी पाह्यलं बी नाई."

"तुले शाळेचा राग हाय. दोन वर्षांपासून हाय."

"हेमराज!" बाबूजी म्हणाले.

"नाई बाबूजी, बोलू द्या. त्या तासाचं हिच्या मनासारखं झालं नाई, तं ही शाळा सोडून गेली. अन् आता तिथं बसून आपल्यावर लेख लिहिते. आईवर लिहिते!"

सपना उठली. कोरे चौदा फॉर्म तिनं हातात घेतले. दारात आली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सूनबाई चहा आणतेय असंच सगळ्यांना वाटलं असावं.

"अर्ज मी लिहून देल्ला," ती म्हणाली.

बाबूजींनी चष्मा काढला.

"तानबाभाऊ दाखला मागाले आले होते. पोरीले दुसऱ्या शाळेत नाई टाकणार, घरीच बसवणार म्हणे. मी म्हटलं, असं नका करू, आधी अर्ज करा. ताईंचा लेख आपल्या लायब्ररीत आला होता. त्यातून मी उतरवलं." तिनं हेमराजकडे पाहिलं. "तुमाले दोनदा सांगितलं होतं. पोरगी बाहेर उभी राहून राह्यली म्हणून. तुमी म्हटलं, पाहू."

हेमराज 'पाहू' म्हणाला होता. दुकानात, हिशेबाच्या गडबडीत, नीट मान वर न करता.

"अन् हे मी नाई करत," सपनानं फॉर्म टेबलावर ठेवले. "खोट्या सह्या."

"माया घरात राहून," हेमराज म्हणाला, आणि वाक्य पुरं न करताच उठून बाहेर गेला. बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

*

देवकाबाईंनी जपमाळ पिशवीत ठेवली. त्यांना वाटत होतं आपल्याला कोणीतरी काहीतरी विचारेल. पण नवरा फॉर्मकडे बघत होता, लेक जमिनीकडे, आणि सून दाराला टेकून उभी होती.

"तिले बाहेर उभं राह्य मीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"आई, तुमाले—"

"थांब सपना. मले आठवते. मी म्हटलं, जिले हात जोडाले लाज वाटते तिनं बाहेर जावं. मले वाटलं जाणार नाई. ती गेली. मंग दुसऱ्या शनवारी ती आपल्यामनानं बाहेर गेली, अन् मी काही म्हटलं नाई." त्या प्रेरणाकडे वळल्या. "पण एक गोष्ट मले सांग. तुयं ते 'विषयी' मले समजत नाई. हे लोक असं मानतात, ते लोक तसं मानतात. पोरं पाठ करतील, पेपरात लिहितील, विसरतील. पोरायले धीर कुठून येईन? बाप दारू पिऊन आला, पीक गेलं, माय मेली, तवा पोरगं काय म्हणीन? या लोकांची अशी श्रद्धा आहे?"

हा प्रश्न प्रेरणानं लेखात घेतला होता. पण तिथे तो एका वाक्याचा होता, आणि इथे तो आईच्या तोंडून आला होता.

"तू मले जे देल्लं ते मायासोबत हायच, आई. बाबा गेले तवा मी तेच म्हटलं." प्रेरणा अण्णाजींना बाबा म्हणायची. "पण ते तू घरी देल्लं. तुयी लेक म्हणून देल्लं. गोपिकाची माय बी तिले काही देत असन. आपण मधात जाऊन ते काढून आपलं ठेवायचं का? शाळेत पोराले यावंच लागते. जिथं यावंच लागते तिथं कोणाच्या देवापुढे उभं करणं बरोबर नाई."

"अन् माहिती सांगितली का बरोबर होते?"

"त्याच्यात बी धोके हायेत. तेबी लिहिलं मी. शिकवणाऱ्याचाच धर्म मोठा होऊन बसते अन् बाकीचे शेवटच्या पानावर जातात. आपला तो संस्कार, दुसऱ्याचा तो धर्म, असं होते. पुस्तक लिहिणाऱ्यानं त्या लोकायले विचारलेलंच नसते. तयारी नसली तं हा तास सहा महिन्यांत जुन्याच वळणावर जाते. पण एक होते, आई. त्या तासाले पोरगं सवाल करू शकते. अन् बाहेर कोणाले उभं राहा लागत नाई."

"मले कधी कोणी सवाल केलाच नाई," देवकाबाई म्हणाल्या. पाच वर्षांचे शनिवार त्या मनात चाळत होत्या, आणि खरंच, एकाही पोराचा प्रश्न त्यांना आठवत नव्हता. सगळे कसे छान एका सुरात म्हणायचे, हेच तेवढं आठवत होतं.

बाबूजींनी चष्मा पुसला. "खुलासा मी लिहितो," ते म्हणाले. "प्रेरणा, तू फक्त शुद्धलेखन पाह्यजो."

*

सोमवारी साडेदहाला विस्तार अधिकारी आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांनी वेळापत्रक मागवलं, मग प्रगतीपुस्तकं, मग फॉर्म. हेमराज सचिव म्हणून समोर उभा होता. रविवारी दुपारपासून तो घरात सपनाशी बोलला नव्हता. रात्री जेवलाही नव्हता.

"संमतीपत्रं जूनची आहेत?" बाईंनी विचारलं.

हेमराजनं तोंड उघडलं. आपण काय म्हणणार हे त्यालाच नक्की माहीत नव्हतं. त्याच्याआधी बाबूजी बोलले.

"तारीख खोटी आहे. शुक्रवारी वाटले. चौदा पालकांनी सही केलेली नाही. त्यात नकाराला जागाही ठेवलेली नव्हती. अध्यक्ष म्हणून चूक माझी." त्यांनी खुलाशाचा कागद पुढे केला. शाळेत बोलताना बाबूजी नेहमी पुस्तकी मराठी बोलत.

बाईंनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मला सातवीत जायचंय. शिक्षक नकोत सोबत."

व्हरांड्यात सगळे थांबले. देवकाबाई खांबाजवळ उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून आल्या होत्या. आतलं स्पष्ट ऐकू येत होतं.

"शनिवारी तिसऱ्या तासाला काय करता?"

"आरती!" पन्नास गळे एकदम. आणि कोणी न सांगता मुलांनी आरती सुरू केली. टाळ्यांचा ठेका, शेवटच्या ओळीला चढता आवाज. देवकाबाईंनी शिकवलेला प्रत्येक चढ-उतार त्यात होता. बाईंनी ती पुरी होऊ दिली.

"छान म्हणता. अर्थ कोण सांगेल?"

कोणीच बोललं नाही.

"बरं. आणि कोणाला म्हणायची नसेल तर?"

एक पोरगी चटकन म्हणाली, "बाहेर उभं राहा लागते."

"किती वेळ?"

"पूर्ण तास. मंग आत आलं का पोरं हासतात."

देवकाबाई वर्गाच्या दाराकडे निघाल्या. सपना पुढे झाली, पण त्यांनी तिला हातानं थांबवलं. बाई बाहेर आल्या, तशा देवकाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तो तास मी घेते. शिक्षिका नाई मी, सातवी पास हावो. बाहेर उभं राहाले मीच सांगितलं. लेकरायच्या मास्तरांचा दोष नाई अन् सुनेचा तं नाईच नाई. जे लिहायचं ते माया नावावर लिहा."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "नावावर नाही लिहायचं, आजी. शाळेवर लिहायचंय."

शेरेबुकात त्यांनी पाऊण पान लिहिलं. शाळेच्या वेळेत पूजा, आरती व प्रसाद तात्काळ बंद. प्रगतीपुस्तकातला 'संस्कार' रकाना रद्द, आणि आधी दिलेल्या श्रेणी काढून टाकाव्यात. संस्थेला धार्मिक शिक्षण द्यायचंच असेल, तर शाळेच्या वेळेबाहेर, आणि पालकांची खरी लेखी संमती घेऊन. नकार देण्याची जागा फॉर्ममध्ये असावी, व नकार देणाऱ्या मुलाला कोणत्याही प्रकारे वेगळं वागवू नये. मूल्यशिक्षणाच्या तासात विविध धर्म व पंथांची माहिती द्यायची असल्यास त्याचा लेखी आराखडा सादर करावा. पंधरा दिवसांत अनुपालन अहवाल. संमतीपत्रावरील तारखेबाबत वरिष्ठांना कळवण्यात येत आहे.

शेवटचं वाक्य हेमराजनं तीनदा वाचलं. मान्यता गेली नव्हती. पण ते वाक्य लोंबकळत राहणार होतं, पंधरा दिवस, कदाचित पंधरा महिने.

संध्याकाळी बसस्टँडवर त्यानं प्रेरणाला सोडलं.

"आराखडा तू करशील?" त्यानं विचारलं.

"करीन. पण मले बी भेव वाटते. लेख लिहिणं सोपं होतं. कोणत्या पंथाचं काय सांगायचं, कोणाले विचारून सांगायचं, कोण शिकवणार? आपल्या अठरा मास्तरांतून एकाले तरी बसवून तयार करा लागन."

"सपनाले कर," तो म्हणाला. बायकोचं नाव त्यानं कालपासून पहिल्यांदा घेतलं होतं. पण ते बहिणीपाशी घेतलं, घरी नाही, हे प्रेरणाच्या लक्षात आलं.

*

बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर देवकाबाई सपनाला म्हणाल्या, "चाल."

तानबाचं वावर गावाबाहेर नाल्याच्या काठाला होतं. ऑटोवाल्यानं शेतांकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी सोडलं, तिथून दोघी चालत गेल्या. देवकाबाईंचे गुडघे दुखत होते, पण त्या वाटेत कुठे थांबल्या नाहीत. जाऊन काय बोलायचं, हे त्यांनी दोन दिवस ठरवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. तानबानं हाकलून दिलं तर? चार माणसांत आवाज चढवला तर? त्याला तो अधिकार होता.

तानबा वांग्यांच्या ओळींत वाकून होता. त्यांना पाहून सरळ झाला, हात पुसले.

"दंडवत प्रणाम," तो म्हणाला. पुढे काय करावं हे त्यालाही सुचेना. मग त्यानं झाडाखालच्या बाजेवरचं पोतं झटकलं. "बसा बाई."

"तानबाभाऊ, पोरीले शाळेत पाठवा," देवकाबाई एकदम म्हणाल्या. "तो तास बंद झाला. ड काढून टाकला. पुन्हा असं होणार नाई."

तानबा सपनाकडे पाहून पुन्हा त्यांच्याकडे वळला. "मायं काय म्हणणं नाई. मी तं अर्ज बी करणार नोयतो. माया बापानं बी कधी कोणाशी भांडण केलं नाई, आमी आपलं गपचूप राहतो. पण पोरगी म्हणे, बाबा, मी काय चोरी केली का? तिले इचारा तुमी. ती म्हणीन तं येईन."

गोपिका विहिरीजवळ मेथीच्या जुड्या बांधत होती. बापानं हाक मारल्यावर आली, पण बाजेपासून पाच हात लांबच थांबली. सपनाला पाहून किंचित हसली. देवकाबाईंना पाहून हसू गेलं.

"बस इथं," देवकाबाई म्हणाल्या.

ती बसली नाही.

देवकाबाईंना वाटलं, या पोरीला गोष्ट सांगावी. गोष्ट सांगितली की पोरं जवळ येतात, हे त्यांना पाच वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. पण कोणती गोष्ट सांगायची? त्यांच्याजवळच्या सगळ्या गोष्टी त्यांच्या देवाच्या होत्या. त्यांनी पोरीच्या हातातल्या सुतळीकडे पाहिलं.

"तुमच्या घरी काय सांगतात?" त्यांनी शेवटी विचारलं. "म्हणजे, काऊन दुसऱ्या देवाले नमस्कार करत नाईत? मले खरंच मालूम नाई."

गोपिकानं बापाकडे पाहिलं.

"आमची आजी म्हणते का देवता खूप हायेत," ती अडखळत म्हणाली, "पण मोक्ष देणारा परमेश्वर एकच. त्याचे पाच अवतार. श्रीकृष्ण, दत्तात्रेय प्रभू, चांगदेव राऊळ, गोविंद प्रभू अन् चक्रधर स्वामी. दिवाळीत मी गुरूपाशी उपदेश घेतला. तो घेतला का मंग त्याचीच भक्ती कराची. बाकीच्यायचा राग नाई कराचा. पण भक्ती नाई कराची." ती थांबली. "गणपतीचा राग नोयता मले. तुमी म्हटलं लाज वाटते. लाज नोयती वाटत."

"चक्रधर स्वामी," देवकाबाईंनी शब्द हळू उच्चारून पाहिला. हे नाव त्यांनी शाळेच्या पुस्तकात कधीतरी वाचलं होतं. ते कोणाच्या तरी घरात रोज घेतलं जातं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "अन् ते स्वामी काय सांगत?"

"लई सांगत. कोणाले मारू नका. मुंगीले बी नाई." पोरगी एक पाऊल पुढे आली. "तुमाले आमची आजी सांगन. मले पूर्ण येत नाई."

"येईन मी आजीकडे," देवकाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं. "तू सोमवारी शाळेत येजो. मी तुले आता काही इचारणार नाई. कोणीच इचारणार नाई."

गोपिकानं विचार केला.

"इचारलं तं चालते, आजी," ती म्हणाली. "उभं ठेवू नका."